निवृत्त होणाऱ्या मालकाचं पत्र: पुरवठादाराला एक, ग्राहकाला दुसरं

प्रश्न: रबरी सील आणि गॅस्केट बनवण्याचा छोटा कारखाना मी २८ वर्षं एकट्याच्या मालकीत चालवला. जूनअखेर निवृत्त होतोय. घरातलं कुणी यात नाही, म्हणून माझ्याकडे ११ वर्षं उत्पादन सांभाळणाऱ्या बाईच कारखाना विकत घेत आहेत. जुन्या पुरवठादारांना आणि ग्राहकांना पत्र लिहायला बसलो, पण ते निरोपाच्या भाषणासारखं होतंय. पत्रात नेमकं काय असावं, सगळ्यांना एकच पत्र चालेल का आणि कधी पाठवू?

उत्तर: एकच पत्र नको. दोघेही तुमचे जुने असले, तरी पत्र हातात पडल्यावर दोघांना पडणारे प्रश्न वेगळे असतात. पुरवठादाराच्या मनात येतं, माझं येणं कोण देणार, आणि यापुढे उधारीवर माल सोडायचा तो कुणाच्या भरवशावर? ग्राहकाच्या मनात येतं, जुलैत येणारा सील मेमध्ये आला तसाच असेल ना, आणि तुमच्याकडे ठेवलेल्या माझ्या साच्याचं काय? भाषणासारख्या पत्रात यांतलं काहीच नसतं. २८ वर्षांच्या आठवणी लिहाव्याशा वाटणं साहजिक आहे, पण त्यांना शेवटच्या दोन ओळी द्या. त्याआधीची जागा या प्रश्नांची.

कागदाला हात लावण्यापूर्वी नक्की काय बदलतंय ते स्वतःशी स्पष्ट करून घ्या. तुमचा कारखाना कंपनी असता तर शेअर आणि संचालक बदलले असते, कंपनी तीच राहिली असती आणि तिचं खातं, तिचे करार, तिची देणी पुढे चालू राहिली असती. एकल मालकीत तसं होत नाही. कारखान्याचं देणं म्हणजे तुमचं स्वतःचं देणं, येणंही तुमचंच. बाईंनी पाटीवरचं नाव तेच ठेवलं, तरी त्यांची करनोंदणी वेगळी, बँक खातं वेगळं, आणि समोरच्याच्या दृष्टीने व्यवहार करणारी व्यक्तीही वेगळी. म्हणूनच अशा पत्रांत हमखास येणारं ‘सर्व काही पूर्वीप्रमाणेच चालू राहील’ हे वाक्य तुमच्या बाबतीत खोटं आहे. चांगल्या मनाने लिहिलेलं असलं तरी खोटंच. पुढच्याच महिन्यात वेगळ्या नावाचं बिल आलं की वाचणारा विचारात पडतो, आणखी काय सांगितलं नसेल?

(भागीदारी असलेला कुणी हे वाचत असेल तर त्याची गोष्ट आणखी निराळी. इंग्लंडचा १८९० चा आणि भारताचा १९३२ चा, दोन्ही भागीदारी कायद्यांत निवृत्तीची सूचना न देता बाहेर पडलेला भागीदार तिऱ्हाइतांच्या देण्यांना पुढेही बांधलेला राहू शकतो. तिथे हे पत्र निवृत्त होणाऱ्याच्या बचावासाठीच लागतं आणि सोबत जाहीर सूचनेचाही विचार करावा लागतो.)

मग तारीख. ‘३० जूनपर्यंतचं देणं माझं, त्यानंतरचं त्यांचं’ हे ऐकायला सोपं आहे, पण ‘पर्यंतचं’ म्हणजे कशापर्यंतचं? समजा २२ जूनला तुम्ही रबर कंपाउंडची ऑर्डर दिलीत, पुरवठादाराने २९ ला बिल फाडून माल गाडीत चढवला आणि गाडी २ जुलैला दारात आली. ऑर्डर तुमची, बिल तुमच्या नावाचं, माल मात्र बाईंच्या मशीनवर जाणार. अशा एकाच गाडीवरून तुमच्यात, बाईंच्यात आणि पुरवठादारात महिनाभर फोनाफोनी चालते. माझा आग्रह असा की माल दारात उतरल्याची तारीख धरायची. ती आवक नोंदवहीत असते, तिच्यावर वाद होत नाही. आणि जूनच्या शेवटच्या दहा दिवसांत तुमच्या नावाने नवी ऑर्डरच सोडायची नाही. कच्चा माल आधी थोडा जास्त भरून ठेवा, किंवा जुलैत लागणारा माल बाईंच्याच नावाने मागवा. तुमच्या दोघांच्या खरेदी करारातही हीच तारीख आणि हीच व्याख्या असू द्या. करारात एक आणि पत्रात दुसरं असेल, तर पुरवठादार पत्र पुढे करणार आणि बाई करार.

एवढं ठरलं की पुरवठादाराचं पत्र अर्ध्या तासात लिहून होतं. तुमच्या कंपाउंड पुरवठादारासाठी मी ते असं लिहिलं असतं:

“सप्रेम नमस्कार. येत्या ३० जूनला मी कारखान्याच्या कामातून निवृत्त होत आहे. वय झालं, एवढंच कारण. १ जुलैपासून कारखान्याच्या मालक (नाव) असतील. गेली ११ वर्षं आमचं उत्पादन त्याच पाहतात. तुमच्या प्रत्येक लॉटची कडकपणाची चाचणी त्यांच्या देखरेखीखाली होते, आणि गेल्या वर्षी परत पाठवलेल्या लॉटबद्दल तुमच्याशी बोलल्या त्याही त्याच.

३० जूनपर्यंत आमच्या दारात उतरलेल्या मालाचं देणं माझं आहे आणि ते ठरलेल्या मुदतीत माझ्याच खात्यातून मिळेल. आमच्या वहीप्रमाणे आज तुमचं जे येणं निघतं त्याचा उतारा सोबत आहे. फरक असल्यास १५ जूनपर्यंत कळवावं. १ जुलैपासून उतरणाऱ्या मालाची ऑर्डर, बिल आणि पेमेंट (नाव) यांच्या नावाने होईल. उधारीची मुदत आणि मर्यादा याबद्दल त्या तुम्हाला प्रत्यक्ष भेटून बोलतील.

दर, ऑर्डर, माल परत करणं आणि पेमेंट यांबद्दलचा निर्णय १ जुलैपासून त्यांचा. ३१ ऑगस्टपर्यंत जुन्या हिशेबाबद्दल काही विचारायचं असल्यास मी नेहमीच्या नंबरवर आहे. आमच्या वाईट दिवसांत तुम्ही माल थांबवला नाहीत, हे मी विसरलेलो नाही.”

या पत्रातल्या दोन जागांबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

पहिली, सोबत जोडलेला खात्याचा उतारा. पुष्कळ लोक तो टाळतात, कारण जुने फरक उकरले जातात. एखादं बिल दोनदा धरलेलं, परत पाठवलेल्या मालाची वजावट राहिलेली, असं काहीतरी प्रत्येक जुन्या खात्यात असतंच. ते जूनमध्ये निघालेलं बरं, कारण तेव्हा नोंदवही तुमच्याच टेबलावर असते आणि नोंद करणारा माणूस समोर बसलेला असतो. तोच फरक ऑक्टोबरमध्ये निघाला, तर पुरवठादार तो बाईंच्या बिलात धरू पाहील आणि ज्या व्यवहाराशी त्यांचा संबंध नाही त्यावरून त्यांचं पहिलं भांडण होईल.

दुसरी जागा अशी, की तिथे एक वाक्य मी मुद्दाम लिहिलेलं नाही. निवृत्त होणाऱ्या बहुतेक मालकांच्या कच्च्या मसुद्यात ते मला सापडतं: ‘काही कमी-जास्त झालं तर मी आहेच.’ बोलताना ही नुसती आपुलकी असते. कागदावर, तुमच्या सहीखाली, उधारी देणाऱ्या माणसाच्या फाइलमध्ये ते गेलं की त्याला जामिनकीचा वास येतो. ते कायद्याने जामीन ठरेल की नाही हे शब्दांवर आणि त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून आहे, पण पैसे अडकले की पुरवठादार आधी तुमच्याच दारात येणार, एवढं नक्की. तुम्हाला खरोखर हमी द्यायची असेल तर ती स्वतंत्र कागदावर, रक्कम आणि शेवटची तारीख घालून द्या. द्यायची नसेल, तर आपुलकी दुसऱ्या शब्दांत लिहा. शिवाय तुम्ही पूर्वी कुणाला वैयक्तिक हमी, अनामत किंवा पुढच्या तारखेचे धनादेश दिले असतील, तर ते या पत्रामुळे आपोआप रद्द होत नाहीत. त्यांची यादी करून एकेक परत मागवा, लेखी पोच घ्या.

उधारीचं वचन मी पत्रात घातलं नाही, यालाही कारण आहे. पुरवठादाराने ४५ दिवसांची मुदत तुम्हाला दिली होती, कारखान्याच्या इमारतीला नव्हे. ‘(नाव) यांनाही हीच मुदत द्यावी’ असं तुम्ही लिहिलंत, तर तो तोंडावर हो म्हणतो आणि जुलैत पहिला माल सोडताना आगाऊ पैसे मागतो. त्यापेक्षा बाईंनी स्वतः जाऊन कमी मागावं. आज तुमची मर्यादा दोन महिन्यांच्या मालाइतकी असेल, तर त्यांनी पहिले तीन महिने एका महिन्याच्या मालाइतकी मर्यादा आणि ३० दिवसांची मुदत मागावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलू असं सांगावं. मागणारा स्वतःच निम्म्यावर आला की समोरचा सहसा खळखळ करत नाही. अर्थात याची किंमत आहे. उधारी निम्मी झाली म्हणजे एका महिन्याच्या कच्च्या मालाचे पैसे बाईंच्या हातात जास्तीचे असायला हवेत. हे त्यांना आत्ताच सांगा, खरेदीची रक्कम ठरवून त्या मोकळ्या झाल्यावर नको.

आता ग्राहकाचं पत्र. निवृत्तीची तारीख आणि बाईंची ओळख इथेही पहिल्या परिच्छेदात, पण पुढचं सगळं वेगळं.

तुमच्या धंद्यात ग्राहकाची सर्वांत मोठी काळजी साच्याची असते. पंप बनवणाऱ्या ग्राहकाने पैसे भरून बनवून घेतलेला साचा तुमच्या रॅकवर असतो. मालकी त्याची, ताबा तुमचा, आणि बऱ्याचदा याचा पुरावा म्हणजे दहा वर्षांपूर्वीचं एक बिल. कारखाना विकला जातोय हे कळताच त्याच्या खरेदी विभागाला पहिली शंका येते, की माझा साचाही यंत्रांबरोबर विकला गेला की काय. म्हणून पत्राआधी रॅकवर जा. प्रत्येक साच्यावर कोरलेला नंबर, त्यात एका वेळी निघणारे नग, कोणत्या ग्राहकाचा आणि आज वापरण्याजोगा आहे का, अशी यादी करा. जे साचे तुमच्या स्वतःच्या खर्चाने झाले ते वेगळे लिहा. काहींबद्दल तुम्हालाच आठवणार नाही. ते ग्राहकाला विचारा, गृहीत धरू नका. मग पत्रात असं लिहिता येतं:

“तुमच्या मालकीचे सहा साचे आमच्याकडे आहेत. त्यांची यादी सोबत जोडली आहे. कारखान्याच्या विक्रीत त्यांचा समावेश नाही. ते (नाव) यांच्याकडे तुमच्या वतीने सांभाळायला राहतील आणि त्याची पोच त्या १ जुलैला स्वतःच्या सहीने देतील. तुमची ड्रॉइंग आणि नमुनेही त्याच अटीवर राहतील.”

हा परिच्छेद वाचून काही ग्राहक साचे परत मागतील अशी भीती वाटते. मागणारा एखादा निघतोही. पण ज्याला मागायचेच आहेत तो न सांगताही मागतो, आणि ज्याला यादी मिळते त्याला घाई करण्याचं कारण उरत नाही.

दुसरी काळजी मालाची. इथे ‘दर्जात तडजोड होणार नाही’ असं लिहू नका. ते सगळेच लिहितात, आणि ज्याने ते मोडलं त्यानेही लिहिलेलंच असतं. तपासता येईल असं काहीतरी द्या. तुमच्याकडचा नायट्राइलचा ७० शोअर कडकपणाचा सील घेणाऱ्याला नेमकं हे हवं असतं: “तुमच्या सीलसाठी आज जे कंपाउंड, जो साचा आणि क्युअरिंगचं जे तापमान आणि वेळ वापरतो, त्यांपैकी काहीही बदलायचं झाल्यास (नाव) तुम्हाला आधी कळवतील आणि नमुना मंजूर झाल्यावरच माल पाठवतील.” हे वाक्य मात्र बाईंना विचारल्याशिवाय लिहू नका. ते पाळायचं त्यांना आहे, आणि पुढच्या वर्षी कंपाउंडचा पुरवठादार बदलण्याचा त्यांचा विचार असेल तर या वाक्याचा अर्थ त्यांच्यासाठी प्रत्येक ग्राहकाकडे नमुने घेऊन जाणं असा होतो. त्या तयार असतील तरच.

जूनमध्ये गेलेल्या मालात ऑगस्टमध्ये दोष निघाला तर? ग्राहकाला तुमच्या दोघांच्या तारखेशी देणंघेणं नसतं. त्याला बदली सील हवा असतो. पत्रात सरळ लिहा की माल केव्हाही गेलेला असो, तक्रार (नाव) यांच्याकडे करावी आणि बदली माल त्याच देतील. ३० जूनपूर्वीच्या मालाचा तो खर्च तुम्ही त्यांना किती महिन्यांपर्यंत आणि किती रकमेपर्यंत भरून द्यायचा, हे तुमच्या करारात ठरवा. ग्राहकाच्या पत्रात त्याचं काही काम नाही.

एक कंटाळवाणी पण पैसे अडकवणारी बाब म्हणजे ग्राहकाच्या संगणकातला पुरवठादार क्रमांक. मोठ्या ग्राहकाकडे तुमच्या नावाने क्रमांक असतो आणि त्याची खरेदी ऑर्डर त्याच क्रमांकावर निघालेली असते. समजा १२,००० सीलची ऑर्डर आहे, ७,००० गेले आणि ३० जूनला ५,००० बाकी आहेत. बाईंनी जुलैत ते ५,००० स्वतःच्या बिलावर पाठवले तर गेटवरच माल अडतो, कारण ऑर्डरवरचं नाव आणि बिलावरचं नाव जुळत नाही. करायचं असं, की जुनी ऑर्डर ७,००० वर बंद करून घ्यायची आणि उरलेल्या ५,००० ची नवी ऑर्डर बाईंच्या नव्या क्रमांकावर काढून घ्यायची. नवा क्रमांक मिळायला नोंदणीचे कागद, खात्याचा पुरावा, कधी कारखान्याची तपासणी, असं सगळं लागतं आणि आठवडे जातात. म्हणून ग्राहकाच्या पत्रात ‘नव्या नोंदणीसाठी लागणारे अर्ज कृपया (नाव) यांच्याकडे आत्ताच पाठवावेत’ अशी एक रुक्ष ओळ हवीच. आणि तुमचं जुनं खातं शेवटच्या ग्राहकाचं शेवटचं पेमेंट येईपर्यंत बंद करू नका.

बँक खात्याच्या बाबतीत एक पथ्य आहे. ‘आमची मालकी बदलली आहे, यापुढे पेमेंट या नव्या खात्यावर करावं’ असं पत्र म्हणजे पेमेंट वळवून लुबाडणारे जे बनावट मेल पाठवतात त्याची हुबेहूब नक्कल. सावध ग्राहक तुमचं खरं पत्रही बाजूला ठेवतो. बेसावध ग्राहक तुमची बातमी कळल्यावर आलेल्या खोट्या मेलवर पैसे भरतो. म्हणून खात्याचा नंबर पत्रात घालूच नका. असं लिहा: “नव्या खात्याचा तपशील या पत्रात मुद्दाम दिलेला नाही. तो (नाव) प्रत्यक्ष भेटीत देतील. तुमच्या हिशेब विभागाने तुमच्याकडे आधीपासून असलेल्या आमच्या नंबरवर फोन करून तो पडताळून घ्यावा. खातं बदलल्याचा मेल माझ्या नावाने आला तरी फोन केल्याशिवाय मान्य करू नये.” त्या नंबरवर १ जुलैनंतर कोण फोन उचलणार, हेही आधी ठरवा. कारखान्याचा नंबर तोच ठेवून बाईंकडे जाऊ दे. तुमचा वैयक्तिक मोबाइलच सगळ्यांकडे असेल, तर पहिले दोन महिने पडताळणीचे फोन तुम्हालाच घ्यावे लागतील.

आता तोंडी समजुती, आणि माझ्या मते बहुतेक हस्तांतरणं इथेच ठेचकाळतात. २८ वर्षांत तुम्ही कितीतरी गोष्टी नुसत्या शब्दावर ठरवल्या असतील. एका ग्राहकाला ५० नगांचा लहान लॉटही तुम्ही त्याच दराने देता, कारण त्याने तुम्हाला पहिली ऑर्डर दिली होती. दुसऱ्याच्या बिलावर ३० दिवस लिहिलेले असतात, पण तो ६० व्या दिवशी देतो आणि तुम्ही कधी बोलत नाही. तिसऱ्यासाठी पाचशे सील तयार करून ठेवलेले असतात, पैसे मात्र त्याने माल उचलल्यावर. यांतलं बाईंना किती माहीत आहे? उत्पादन त्यांनी पाहिलं, उधारी तुम्ही पाहिलीत. तेव्हा दोघांनी एकदा बसून ग्राहकवार आणि पुरवठादारवार अशी वही करावी: काय ठरलं आहे, कुणाशी, आणि त्याने वर्षाला साधारण किती पैसे अडकतात किंवा जातात. मग कोणती समजूत चालू ठेवायची हे बाईंनी ठरवायचं. तुम्ही नाही.

पत्रात मात्र ‘आजवरच्या सर्व सवलती कायम राहतील’ असं सरसकट लिहू नका. ते वाचून नसलेल्या सवलतीही जन्माला येतात. ‘साहेबांनी मला नेहमी दहा टक्के कमी केले’ असं सांगणारा ग्राहक जुलैत भेटतोच, आणि पत्र तुमच्या सहीचं असल्याने बाईंना नाही म्हणता येत नाही. त्याऐवजी लिहा: “आपल्यात ज्या गोष्टी तोंडी ठरलेल्या आहेत त्या एका कागदावर आणून (नाव) तुम्हाला जुलैमध्ये पाठवतील. काही राहिलं असं वाटल्यास ३१ जुलैपर्यंत त्यांना कळवावं.” जी समजूत बंद करायची आहे ती मात्र पत्रातून बंद करू नका. तुम्ही मालक असतानाच, तुमच्या तोंडून, फोनवर सांगा. नकार तुम्ही द्यायचा आणि सुरुवात त्यांनी करायची, ही वाटणी मला योग्य वाटते.

बाईंची ओळख करून देताना विशेषणं टाळा. ‘अत्यंत कर्तबगार, मनमिळाऊ, माझ्या मुलीसारख्या’ हे वाचून कुणाचाही विश्वास वाढत नाही, आणि मुलीसारख्या म्हटल्याने व्यवहार करणारी बाई एकदम लहान दिसते. वाचणाऱ्याने स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट सांगा. पंपवाल्या ग्राहकाला लिहा, की दोन वर्षांपूर्वी तुमचा सील गरम पाण्यात फुगत होता तेव्हा नायट्राइल बदलून ईपीडीएम सुचवणाऱ्या याच. त्याला तो प्रसंग आठवतो, आणि नाव आता कळतं. म्हणजे हे एक वाक्य प्रत्येकासाठी वेगळं लिहावं लागेल. मोठ्या दहा-बाराजणांसाठी एवढं कराच, बाकीच्यांना सामायिक वाक्य चालेल. ‘माझ्या मार्गदर्शनाखाली काम पाहतील’ हे तर चुकूनही नको. या चार शब्दांनी तुम्ही अजून मालक आहात असं जाहीर होतं, आणि दर पटला नाही की प्रत्येकजण तुम्हाला फोन करतो. तसा फोन आलाच तर उत्तर ठरवून ठेवा: “आता तो निर्णय त्यांचा. तुमचा निरोप त्यांना देतो, त्याच फोन करतील.” पहिल्या महिन्यात एकदा जरी तुम्ही ‘बघतो मी’ म्हणालात, तरी पत्रातल्या अधिकाराच्या ओळीला अर्थ उरत नाही.

पत्रावर सही तुमची एकट्याची असावी. बाईंची सही शेजारी घेण्याची पद्धत आहे, पण मला ती पटत नाही. तिने त्यांचा आवाज तुमच्या पत्रात बुडतो. त्यांनी आपलं पाऊण पानाचं पत्र १ जुलैनंतर आठवडाभरात स्वतंत्र पाठवावं: साच्यांची पोच, संपर्काचा नंबर, भेटीची वेळ. तुमचं कौतुक त्यात दोन ओळींपेक्षा जास्त नको.

कधी पाठवायचं, ते उधारीच्या चक्रावर ठरवा. ऑर्डर, माल, बिल, पेमेंट असा निदान एक फेरा तुम्ही अजून उपलब्ध असताना बाईंच्या नावाने पूर्ण व्हायला हवा. ३० दिवसांची मुदत धरली तर जुलैच्या पहिल्या मालाचे पैसे ऑगस्टच्या सुरुवातीला जातात, म्हणून मी पत्रात तुमच्यासाठी ३१ ऑगस्ट ही तारीख घातली. पत्र मेअखेर जावं, पण खरेदी करारावर सह्या झाल्यानंतरच. त्याआधी पत्र गेलं आणि सौदा फिसकटला तर २८ वर्षांत झालं नसेल एवढं नुकसान होईल.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी कामगारांना सांगा, कारण ट्रक ड्रायव्हर आणि माल उतरवणारे यांच्यामार्फत बातमी दुपारपर्यंत पुरवठादाराकडे पोचतेच. त्याच दिवशी सर्वांत मोठ्या पाच-सहा पुरवठादारांना आणि ग्राहकांना स्वतः फोन, शक्य तिथे बाईंना सोबत घेऊन भेट. पत्र दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकदम. ज्याने पत्रातून पहिल्यांदा ऐकलं आणि ज्याला आधी फोन आला, त्यांच्या वागण्यातला फरक तुम्हाला जुलैत दिसेल.

पत्र गेल्यावर उत्तरं मोजू नका, शुभेच्छा सगळेच देतात. ऑर्डरी पाहा. दरमहा २,००० नग घेणारा जुलैत ८०० घेतो, एखादा ‘रेकॉर्डसाठी’ ड्रॉइंगची प्रत मागतो, पुरवठादाराचा माणूस पहिल्या गाडीआधी पेमेंटची पावती मागतो, तेव्हा पत्राने त्याची शंका गेलेली नसते. अशा ठिकाणी तुम्ही दुसरं पत्र लिहू नका आणि मध्यस्थीही करू नका. बाईंनी त्याच आठवड्यात समोर जाऊन बसावं. ८०० वर आलेला ग्राहक बहुधा दुसरीकडे नमुना बनवून पाहत असतो, आणि साचा त्याच्याच मालकीचा असल्याने ते त्याला सोपं असतं. त्याला अडवता येत नाही. दुसरीकडच्या नमुन्याला वेळ लागतो, तेवढ्या दिवसांत बाईंचे दोन लॉट वेळेवर आणि मापात गेले तर तो परत येण्याची शक्यता चांगली असते.

आणि तुमचा जुना ईमेल किमान वर्षभर चालू ठेवा. त्यावर आलेली ऑर्डर आपोआप बाईंकडे जाईल अशी सोय करा, मात्र उत्तर त्यांच्याच पत्त्यावरून जाऊ द्या.